कमानीतली काच: अर्धवर्तुळात मोठ्यात मोठा आयत कसा बसवायचा

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या जुन्या घराचा पुढचा दरवाजा जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेला आहे आणि दरवाजावर अर्धगोल कमान आहे. कमानीखालची मोकळी जागा इतकी वर्षं लाकडी जाळीने झाकलेली होती. जून लागला की समुद्राकडून येणारी पावसाची झड त्या जाळीतून सरळ आत यायची. म्हणून गेल्या मे महिन्यात जाळी काढून तिथे काच बसवायचं ठरलं. काच गोलाईत कापून घेणं खर्चाचं काम, आणि कापताना तडकली तर पैसे पाण्यात. तेव्हा मधोमध एक सरळ आयताकृती काच आणि उरलेल्या जागेत फणसाच्या फळ्या, असं मेस्त्रींनी सुचवलं. शिडीवरून उतरून त्यांनी मला विचारलं, "मास्तरानू, ह्येच्यात मोठ्यात मोठी काच केवढी बसतली?"

बारावीला डेरिव्हेटिव्हचे उपयोग शिकताना नेमका हाच प्रश्न समोर येतो: अर्धवर्तुळात मावणारा सर्वात मोठा आयत शोधा. मुलं सूत्र पाठ करतात, पण दोन चलांपैकी एक कुठे नाहीसं होतं आणि का, ते बऱ्याच जणांना उमगलेलं नसतं. या लेखात तीच एक गोष्ट नीट करून बघू. आकडे आमच्या कमानीचे घेतो.

आधी माप

कमानीचा पाया, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, १२० सेंमी भरलं. पायाच्या मध्यबिंदूपासून कमानीच्या सर्वात उंच जागेपर्यंत ६० सेंमी. उंची पायाच्या बरोबर निम्मी निघाली, म्हणून ही कमान अर्धवर्तुळ असायला हरकत नाही. नक्की करायला मेस्त्रींनी मध्यबिंदूवर खिळा ठोकला, त्याला ६० सेंमीची सुतळी बांधली आणि तिचं मोकळं टोक कमानीवरून फिरवलं. सुतळी सगळीकडे कमानीला जेमतेम टेकली. कुठे सैल पडली नाही, कुठे अपुरी पडली नाही.

ही सुतळी लक्षात ठेवा. आपल्या गणितातली अट म्हणजे हीच सुतळी आहे.

आकृती आणि अक्षरं

कागदावर अर्धवर्तुळ काढा. व्यास खाली आडवा ठेवा. खिळ्याची जागा हा आरंभबिंदू. काचेची खालची कड व्यासावर टेकलेली आहे आणि काच मधोमध आहे, असं धरा. आता काचेचा वरचा उजवा कोपरा बघा. तो खिळ्यापासून उजवीकडे x सेंमीवर आणि पायापासून y सेंमी उंचीवर आहे असं म्हणू.

इथे एक सवय लावून घ्या: अक्षर कोणत्या लांबीचं आहे, ते आकृतीत बाण काढून लिहा. x ही काचेची पूर्ण रुंदी नाही. काच खिळ्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली आहे, त्यामुळे पूर्ण रुंदी 2x आहे आणि उंची y. या गणितातल्या जवळजवळ निम्म्या चुका या एका ठिकाणी होतात. त्या कशा ओळखायच्या ते पुढे येईलच.

दोन वेगळी वाक्यं

आता दोन गोष्टी दोन वेगळ्या ओळींत लिहायच्या. पहिली, आपल्याला काय मोठं करायचं आहे. दुसरी, आपल्याला काय बांधून ठेवतं.

```
A = 2xy
x² + y² = 3600
```

पहिल्या ओळीत क्षेत्रफळ आहे. दुसरी ओळ सुतळीची आहे: कोपरा कमानीवर आहे, म्हणजे खिळ्यापासून ६० सेंमीवर आहे, आणि पायथागोरसच्या प्रमेयानुसार x आणि y यांच्या वर्गांची बेरीज ६० चा वर्ग, म्हणजे ३६००.

कोणी विचारेल की कोपरा कमानीला टेकलाच पाहिजे असं कुठे आहे? काच लहान घेतली तर ती आतल्या आतही राहील. शंका रास्त आहे. खरी अट "३६०० किंवा त्याहून कमी" अशी आहे. पण कोपरा कमानीपासून दूर असेल, सुतळी सैल असेल, तर रुंदी तीच ठेवून काच आणखी थोडी उंच करता येते, आणि तसं केलं की क्षेत्रफळ वाढतं. म्हणजे सैल सुतळीची कोणतीही काच सर्वात मोठी असू शकत नाही. म्हणून "किंवा कमी" सोडून थेट बरोबरचं चिन्ह लिहायला आपण मोकळे आहोत. हे चिन्ह मिळालं नसतं तर पुढची पायरी घेताच आली नसती.

एक चल घालवणं

A = 2xy या ओळीकडे नुसतं बघितलं तर x आणि y दोन्ही मनासारखे वाढवता येतील असं वाटतं. तसं नाही. सुतळी ताणलेली आहे. कोपरा उजवीकडे सरकवला की तो खाली उतरतो, वर नेला की मध्याकडे येतो. x ठरला की y आपोआप ठरला. दिसायला चलं दोन, पण मोकळं एकच आहे. अटीतून y सोडवून घेतला की हे कागदावरही दिसतं:

```
y = √(3600 − x²)
A(x) = 2x·√(3600 − x²),   0 ≤ x ≤ 60
```

y उंची आहे, म्हणून धन वर्गमूळच घ्यायचं. आणि x ची हद्द त्याच ओळीत लिहून टाकायची. x शून्य झाला तर काच म्हणजे नुसती उभी रेघ, ६० झाला तर पायावर झोपलेली आडवी रेघ. दोन्हीकडे क्षेत्रफळ शून्य. म्हणजे मधे कुठेतरी ते चढतं आणि पुन्हा उतरतं.

डेरिव्हेटिव्हला हात लावण्याआधी मी मुलांना चार-पाच किमती घालून बघायला लावतो. दहा मिनिटं जातात, पण उत्तर कुठल्या आसपास आहे ते हाताला कळतं.

```
x = 20   y = 56.57   A = 2263
x = 30   y = 51.96   A = 3118
x = 40   y = 44.72   A = 3578
x = 45   y = 39.69   A = 3572
x = 50   y = 33.17   A = 3317
```

४० ला ३५७८ आणि ४५ ला ३५७२ चौरस सेंमी. शिखर या दोघांच्या मधे आहे. पुढे आकडेमोड करून ३० किंवा ५० असं उत्तर आलं तर ते चुकलं, हे आता आपल्याला आधीच ठाऊक आहे.

वर्ग करून वर्गमूळ टाळणं

A(x) चं थेट डेरिव्हेटिव्ह काढता येतं, पण वर्गमूळाच्या आतला −2x विसरण्याची चूक फार होते. त्याऐवजी A चा वर्ग करा. A कधीच ऋण नाही, त्यामुळे A जिथे सर्वात मोठा तिथेच A चा वर्गही सर्वात मोठा. x तोच राहतो, फक्त हिशेब सोपा होतो.

```
B = A² = 4x²(3600 − x²) = 14400x² − 4x⁴
B' = 28800x − 16x³ = 16x(1800 − x²)
```

B' शून्य कधी? x = 0 किंवा x² = 1800. x = 0 ही हद्दीची कड आहे, तिथे काचच नाही. उरला x = √1800, म्हणजे ४२.४३ सेंमी. ऋण वर्गमूळ हद्दीबाहेरचं आहे. x यापेक्षा लहान असताना 1800 − x² धन आहे, B चढतो. मोठा असताना ऋण आहे, B उतरतो. म्हणजे हे शिखरच आहे, दुसरं डेरिव्हेटिव्ह काढायची गरज पडत नाही.

आता मूळ आकृतीकडे परत या, इथे घाई करू नका. x = 42.43 आला तर y = √(3600 − 1800), म्हणजे तोही ४२.४३. काचेची रुंदी 2x, म्हणजे ८४.८५ सेंमी, उंची ४२.४३ सेंमी, क्षेत्रफळ ३६०० चौरस सेंमी. रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. त्रिज्या कोणतीही असो, हे प्रमाण बदलत नाही: त्रिज्या r असेल तर क्षेत्रफळ r² येतं. पूर्ण अर्धवर्तुळाच्या तुलनेत हा हिस्सा 2/π, सुमारे ६४ टक्के. बाकीचे ३६ टक्के फणसाच्या फळ्यांच्या वाट्याला.

चूक कशी दिसते

पहिली चूक रुंदीची. A = xy लिहायचं, अट मात्र x² + y² = 3600 अशीच ठेवायची. म्हणजे क्षेत्रफळात x पूर्ण रुंदी झाला आणि अटीत अर्धी रुंदी राहिला. यातून x = y = 42.43 येतं आणि विद्यार्थी "४२.४३ बाय ४२.४३ चा चौरस" असं लिहून मोकळा होतो. पकडायची कशी? सुतळीने. ४२.४३ रुंदीच्या काचेचा कोपरा खिळ्यापासून आडवा २१.२ आणि उभा ४२.४३ वर येईल. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढलं तर ४७.४ भरतं. सुतळी ६० ची, म्हणजे सुमारे साडेबारा सेंमी सैल. सैल सुतळीची काच सर्वात मोठी नसते हे आपण वरच ठरवलं आहे, त्यामुळे उत्तर चुकलं हे उत्तरपत्रिका न बघताच कळतं. (तो चौरस पाव वर्तुळात बसणाऱ्या आयताचं बरोबर उत्तर आहे. प्रश्न तेवढा वेगळा.)

कोणाला पूर्ण रुंदीलाच अक्षर द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, w म्हणावं. मग क्षेत्रफळ wy आणि अट (w/2)² + y² = 3600. दोन्ही ओळींत अक्षराचा अर्थ एकच राहिला म्हणजे झालं.

दुसरी चूक जास्त खोल आहे. अट न वापरताच A = 2xy चं x च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढायचं, y ला स्थिर समजून. उत्तर 2y येतं, ते शून्य ठेवलं की y = 0. काच नाहीशी झाली! असं विचित्र उत्तर आलं की समजावं, y आपण स्थिर धरला पण तो x बरोबर हलत होता. y ठेवूनच डेरिव्हेटिव्ह काढायचं असेल तर तोही बदलतो हे धरून काढायचं. अटीवरून y' = −x/y मिळतं आणि मग

```
A' = 2y + 2x·y' = 2y − 2x²/y
```

हे शून्य ठेवलं की x = y, तेच उत्तर. पण नव्याने शिकणाऱ्याने आधी y घालवण्याचीच सवय करावी असं माझं मत आहे. मोकळं चल एकच आहे हे त्यात डोळ्यांना दिसतं.

डेरिव्हेटिव्हशिवाय

हा भाग मला स्वतःला सर्वात आवडतो. (x − y)² उलगडा:

```
(x − y)² = x² + y² − 2xy = 3600 − A
A = 3600 − (x − y)²
```

एका ओळीत सगळं आलं. क्षेत्रफळ म्हणजे ३६०० मधून x आणि y मधल्या फरकाचा वर्ग वजा. वर्ग ऋण होत नाही, म्हणून ३६०० च्या वर जाता येत नाही, आणि ३६०० ला पोचायचं तर x आणि y सारखे हवेत. वरच्या तक्त्यातली x = 40 ची ओळ तपासा: फरक ४.७२, त्याचा वर्ग सुमारे २२, आणि ३६०० वजा २२ म्हणजे ३५७८.

ही ओळ मेस्त्रींच्याही कामाची आहे. नुकसान फरकाच्या वर्गाने वाढतं, म्हणून शिखराच्या आसपास थोडं इकडेतिकडे झालं तर जवळपास काही बिघडत नाही. x मध्ये पूर्ण एक सेंमी कमी घेतला आणि कोपरा कमानीवरच ठेवला तर क्षेत्रफळ फक्त चार चौरस सेंमीने घटतं. योहानेस केप्लर याने १६१५ साली दारूच्या पिंपांच्या आकारमानावर लिहिताना हेच नोंदवलं होतं, की कमाल किमतीच्या दोन्ही बाजूंना सुरुवातीची घट जाणवण्याइतकी नसते. डेरिव्हेटिव्ह हा शब्द त्या काळी नव्हता. शिखरावर डेरिव्हेटिव्ह शून्य असतं ते याच सपाटपणामुळे.

काचवाल्याकडे मी ८४ बाय ४२ सेंमी असं माप दिलं. कोपरा खिळ्यापासून ५९.४ सेंमीवर येतो, म्हणजे कमानीपासून सहा मिलीमीटर आत. एवढी फट लागतेच, चिऱ्याला काच घासली तर कोपऱ्यातून तडा जातो.

लंबवर्तुळ: तोच आयत, ताणलेला

सावंतवाडीच्या लाकडी रंगकामाच्या वस्तू सगळ्यांना माहीत आहेत. आमच्या घरात तिथला एक लंबगोल ट्रे आहे, आतून ४८ सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद. शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, यात मोठ्यात मोठं आयताकृती चित्र केवढं चिकटवता येईल?" तिचा अंदाज होता चौरस, कारण पूर्ण वर्तुळात सर्वात मोठा आयत चौरसच असतो.

मध्यबिंदूपासून लांबीकडे २४, रुंदीकडे १५. चित्राचा वरचा उजवा कोपरा (x, y). आता चित्र चारही बाजूंना पसरलेलं आहे, त्यामुळे रुंदी 2x, उंची 2y आणि क्षेत्रफळ 4xy. अट लंबवर्तुळाची:

```
A = 4xy
x²/576 + y²/225 = 1
```

y सोडवा, आणि सोडवताना 24 बाहेर काढून घ्या:

```
y = (15/24)·√(576 − x²) = (5/8)·√(576 − x²)
A(x) = (5/2)·x·√(576 − x²),   0 ≤ x ≤ 24
```

इथे जरा थांबून या ओळीकडे बघा. कमानीच्या वेळी x·√(3600 − x²) होतं, इथे x·√(576 − x²) आहे. म्हणजे २४ त्रिज्येच्या वर्तुळाचाच हिशेब, वर फक्त 5/2 हा गुणक. स्थिर गुणकाने शिखराची उंची बदलते, जागा बदलत नाही. त्यामुळे पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढायचं कारणच नाही: x² = 576/2, म्हणजे x = 16.97. अटीत घातलं तर y² = 225/2, म्हणजे y = 10.61.

चित्र ३३.९४ बाय २१.२१ सेंमी, क्षेत्रफळ ७२० चौरस सेंमी. अर्धे अक्ष a आणि b असतील तर कमाल क्षेत्रफळ 2ab, आणि पूर्ण लंबवर्तुळाशी प्रमाण पुन्हा 2/π. हा योगायोग नाही. लंबवर्तुळ म्हणजे एका दिशेने दाबलेलं वर्तुळ. वर्तुळ दाबताना त्याच्या आतला, बाजू अक्षांना समांतर असलेला प्रत्येक आयतही त्याच पटीत दाबला जातो, म्हणून वर्तुळातला विजेता दाबल्यावरही विजेताच राहतो. मात्र वर्तुळात चौरस असलेला तो आता चौरस राहत नाही.

तिचा चौरस तपासून बघितला. x = y ठेवलं तर x² = 129600/801, सुमारे १६१.८, आणि क्षेत्रफळ त्याच्या चौपट, ६४७. सर्वात मोठ्या चित्रापेक्षा ७३ चौरस सेंमी कमी. तिने मग ए-फोर कागद बसेल का ते विचारलं. २९.७ बाय २१ चा अर्धा-अर्धा घ्या: १४.८५ आणि १०.५. अटीच्या डाव्या बाजूला घातले तर ०.३८ आणि ०.४९, बेरीज ०.८७. एकपेक्षा कमी, म्हणून कागद आरामात बसतो. लंबवर्तुळात सुतळीचं काम ही बेरीज करते: एक आली तर कोपरा कडेवर, कमी आली तर आत, जास्त आली तर बाहेर.

कमान अर्धवर्तुळ नसेल तेव्हा

आमच्या पडवीची दुसरी कमान बसकी आहे. पाया तोच, १२० सेंमी, पण मधली उंची फक्त ४५. इथे वरची सूत्रं डोळे मिटून वापरली की काच फुटणार.

उंची पायाच्या निम्म्याहून कमी आहे, म्हणजे हे अर्धवर्तुळ नव्हे. मग अर्धं लंबवर्तुळ असेल का? ६० आणि ४५ घेऊन झटपट उत्तर येतं: x = 42.43, y = 31.82. पण मेस्त्री म्हणाले की ही कमान एकाच सुतळीने आखलेली आहे, फक्त खिळा पायाच्या खाली होता. म्हणजे हा वर्तुळाचाच तुकडा. त्रिज्या R मानली तर केंद्र पायाखाली R − 45 वर येतं, आणि पायाच्या टोकासाठी पायथागोरस लावला की

```
R = (60² + 45²) / (2·45) = 62.5
```

केंद्र पायाखाली १७.५ सेंमीवर. खिळा तिथे ठोकून ६२.५ ची सुतळी फिरवली, बरोबर बसली. अट आता अशी:

```
A = 2xy
x² + (y + 17.5)² = 3906.25
```

या वेळी कोणतं चल घालवायचं याला महत्त्व आहे. y सोडवला तर "वर्गमूळ वजा १७.५" असं येतं आणि वर्ग करूनही वर्गमूळ जात नाही. x घालवला तर x² थेट मिळतो आणि A चा वर्ग स्वच्छ बहुपदी होतो. म्हणून x घालवायचा, y ठेवायचा, हद्द ० ते ४५:

```
A² = 4y²·[3906.25 − (y + 17.5)²]
```

याचं डेरिव्हेटिव्ह काढा, शून्य ठेवा, आणि 8y ने भागा. y शून्य नाही, म्हणून भागायला हरकत नाही. उरतं ते असं:

```
2y² + 52.5y − 3600 = 0
```

मुळं दोन, एक ऋण म्हणून टाकलं. दुसरं y = 31.29. अटीतून x = 39.07. काच जास्तीत जास्त ७८.१ बाय ३१.३, क्षेत्रफळ सुमारे २४४४ चौरस सेंमी. रुंदी आता उंचीच्या दुप्पट नाही, अडीचपट आहे. अर्धवर्तुळाचं "दुप्पट" पाठ केलेलं असतं तर इथे फसलो असतो.

लंबवर्तुळाच्या झटपट उत्तराचं काय झालं असतं तेही बघा. त्याचा कोपरा आडवा ४२.४३ आणि केंद्रापासून उभा ३१.८२ + १७.५, म्हणजे ४९.३२. खिळ्यापासून अंतर ६५. सुतळी ६२.५ ची. काचेचा कोपरा अडीच सेंमी चिऱ्यात घुसला असता, आणि ते काच कापून आणल्यावर कळलं असतं.

पडवीसाठी माप दिलं ७७ बाय ३१. कोपऱ्याचं अंतर: ३८.५ आणि ४८.५ यांच्या वर्गांची बेरीज ३८३४.५, मूळ ६१.९. इथेही सुमारे सहा मिलीमीटर फट. मेस्त्रींनी पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा कापून आधी कमानीत धरून बघितला, दोन्ही कोपऱ्यांशी बोटाने फट चाचपली, आणि मगच काचेची चिठ्ठी खिशात घातली.